रविवारचं टार्गेट बुधवारला चालत नाही

महिन्याचं टार्गेट 3,60,000 रुपये, कामाचे दिवस 26, म्हणजे रोज साधारण 13,850. अनेक सलूनमध्ये हिशेब असाच मांडला जातो आणि पहिल्याच आठवड्यात फसतो. बुधवारी दुपारी खुर्च्या रिकाम्या असतात, रविवारी गिऱ्हाइकाला बसायला जागा नसते.

मुळात महिन्याचा आकडा ठरवतानाच पंचांग बघावं. श्रावण पाळणारे पुरुष महिनाभर कटिंग-दाढी करत नाहीत. 2023 साली अधिक महिन्यामुळे श्रावण 15 सप्टेंबरपर्यंत लांबला. 2024 मध्ये तो सप्टेंबरच्या सुरुवातीलाच संपला. या दोन सप्टेंबरच्या गल्ल्यांची थेट तुलना करून वाढ किंवा घट काढली, तर ती खरी नसते.

आता दिवसांची वाटणी. समजा सलून सोमवारी बंद असतं. उरलेल्या 26 दिवसांत शनिवार-रविवार 8 आणि इतर वार 18. जुन्या बिलांवरून शनिवार-रविवारी दीडपट धंदा होत असेल, तर ते 8 दिवस 12 दिवसांच्या बरोबरीचे. एकूण झाले 30. म्हणजे साध्या वारी 12,000 आणि शनिवार-रविवारी 18,000.

हे 12,000 तीन स्टायलिस्टमध्ये सारखे वाटणं हा नवख्या मुलावर अन्याय आहे. कलर करणाऱ्या सीनियरचं सरासरी बिल 1,200 असेल, तर पाच गिऱ्हाइकांत त्याचे 6,000 होतात. दुसऱ्याचं बिल 450, आठ गिऱ्हाइकं, 3,600. फक्त कटिंग करणाऱ्या ज्युनियरचं 300, आठ गिऱ्हाइकं, 2,400. बेरीज बरोबर 12,000.

यानंतर घड्याळ लावून बघायचं. ज्युनियरला एका कटिंगला 40 मिनिटं लागतात. रविवारी दीडपट म्हणजे बारा गिऱ्हाइकं, आठ तास; नऊ तासांच्या ड्यूटीत जेवण धरून जेमतेम बसतं. दुप्पट टार्गेट दिलं असतं तर सोळा गिऱ्हाइकांना दहा तास चाळीस मिनिटं लागली असती. असं टार्गेट दिलं की हात घाईत चालतो, नाहीतर प्रत्येकाच्या गळ्यात फेशियल मारलं जातं. त्या महिन्याचं सरासरी बिल फुगतं, पण पुढच्या महिन्यात नेहमीचे चेहरे दिसेनासे होतात. म्हणून प्रत्येकाच्या रकमेशेजारी त्याच्याकडे परत आलेली गिऱ्हाइकंही मोजावीत.

पंधरा तारखेला पुन्हा हिशेब करावा. 24,000 कमी पडत असतील, तर ते आधीच भरलेल्या रविवारवर ढकलू नयेत. उरलेल्या आठ साध्या वारांवर ते रोजचे 3,000 होतात, म्हणजे 1,500 रुपयांचे दोन रूट टचअप. कलर करून पाच-सहा आठवडे झालेल्या गिऱ्हाइकांची यादी काढून त्यांना मंगळवार ते शुक्रवारच्या दुपारच्या वेळा द्याव्यात.

आगाऊ विकलेल्या पॅकेजचे पैसे मात्र काम होईल त्याच दिवशी टार्गेटमध्ये धरा, आणि जीएसटी त्यात कधीच धरू नका.