तुमचा नंबर राहतो तरी कुठे?

जुना फोन विकायचा म्हणून तुम्ही पिन टोचून ट्रे बाहेर काढता. त्यात बोटाच्या नखाएवढं सिम असतं. तुमचा मोबाइल नंबर त्याच्यातच आहे, असं वाटतं ना? पण नंबराची खरी नोंद असते मोबाइल कंपनीच्या दप्तरात. सिममध्ये असते तुमच्या जोडणीची एक वेगळी ओळखसंख्या आणि एक गुप्त किल्ली. नेटवर्क सिमकडे एक आगापिछा नसलेली संख्या पाठवतं. सिम ती किल्लीशी घोळवून उत्तर काढतं आणि तेवढंच परत पाठवतं. कंपनीकडे त्याच किल्लीची प्रत असते, तिथेही तेच उत्तर निघालं की झाली ओळख पक्की. किल्ली मात्र चिपबाहेर एकदाही पडत नाही! एवढ्याशा चकतीत चक्क एक संगणक आहे.

ई-सिममध्येही हाच खेळ चालतो, फक्त इथे चिप फोनच्या आतच डकवलेली असते. डायलरवर `*#06#` दाबून बघा. ई-सिमच्या बहुतेक फोनांत IMEI बरोबर EID नावाचा ३२ आकडी क्रमांक दिसेल, ८९ने सुरू होणारा. तो त्या चिपचा. म्हणजे फोन विकला की चिपही गेली! मग तुमचं काय काढून घ्यायचं? कंपनीच्या सर्व्हरवरून तिच्यात उतरलेली प्रोफाइल. ओळखसंख्या आणि किल्ली तिच्यातच असते.

ही प्रोफाइल पुसताना इंटरनेट चालू ठेवा, कारण चिपमधून प्रोफाइल गेली की फोन तशी वर्दी कंपनीच्या सर्व्हरला देतो. आणि घाई नको. ई-सिमचा क्यूआर कोड बहुधा एकदाच चालतो, तेव्हा आधी नव्या फोनवर ई-सिम सुरू होऊ द्या, मगच जुन्यावरचं पुसा. नुसतं पुसल्याने प्लॅन बंद होत नाही, बिल येतच राहतं.

आता अ‍ॅप्सकडे वळू. सिम काढलं की खाती आपोआप सुटतील का? नाही! ईमेलसारख्या खात्याला नंबर लागतो तो साक्षीपुरता. ओटीपी जुळला की अ‍ॅप स्वतःची एक खूण फोनमध्ये ठेवतं आणि पुढे तीच दाखवत राहतं. सिम घरी आणि फोन गिऱ्हाइकाच्या हाती, तरी ती खूण तिथेच असते. यूपीआयची तऱ्हा याहून न्यारी. तिथे नोंदणीच्या वेळी फोन स्वतःहून एक एसएमएस पाठवतो, आणि तो कोणत्या नंबरावरून आला हे पाहून फोन आणि नंबर यांची गाठ मारली जाते. म्हणून नव्या फोनवर यूपीआय सुरू करताना बँकेला दिलेल्या नंबराचं सिम त्याच फोनमध्ये हवं.

समजा, तुमच्या जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये बँकेच्या नंबराचं साधं सिम आहे आणि कामाच्या नंबराचं ई-सिम. आधी कामाचं ई-सिम नव्या फोनवर आणा, मग साधं सिम तिकडे घाला. ट्रेमध्ये शेजारी मेमरी कार्ड असेल तर तेही काढा, कारण रीसेटने ते पुसलं जाईलच असं नाही. नव्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप आणि यूपीआय सुरू करा. ऑथेंटिकेटर अ‍ॅपचे कोडही हलवा. ते अनेकदा नंबराला बांधलेले नसून फोनमध्येच साठवलेले असतात, आणि जुना फोन पुसला की हाती काहीच उरत नाही. मग सेटिंग्जमध्ये जाऊन गुगल खातं काढा, आणि सगळ्यात शेवटी रीसेट. तिथे Erase eSIMs अशा अर्थाची वेगळी खूण असते, ती मुद्दाम करा. आयफोनही पुसताना ई-सिम ठेवायचं की काढायचं, हे विचारतो.

आणि रीसेट किती झटपट होतो! शेकडो फोटो, व्हिडिओ, सगळा पसारा काही मिनिटांत गायब. एकेक बाइट खरवडून काढायला एवढा वेळ कसा पुरेल? पुरणार नाहीच. आजच्या फोनांत सगळी माहिती सांकेतिक रूपातच लिहिलेली असते, आणि रीसेट मुख्यतः ती उलगडणारी किल्लीच नष्ट करतो. मागे उरतो तो कुणालाही न वाचता येणारा गाळ. थोरल्या तिजोरीचं कुलूप कायमचं बंद करून तिची एकुलती एक किल्ली वितळवून टाकावी, तसं हे.

मग खातं आधी का काढायचं? कारण ते तसंच ठेवून बटणं दाबून रिकव्हरी मेन्यूतून फोन पुसला, तर फोन तो चोरीचा असावा असं धरतो आणि सुरू होताना जुन्याच मालकाचं खातं किंवा जुनं स्क्रीन लॉक मागतो. ही सोय अँड्रॉइडमध्ये २०१५च्या सुमारास आली, आयफोनवर तिचं भावंड २०१३मध्ये. म्हणून रीसेटनंतर फोन एकदा वायफायला जोडून सुरुवातीचे दोन-तीन पडदे पुढे सरकवून बघा. जुनं खातं मागितलं नाही, तर काम फत्ते. तिथेच थांबा आणि फोन बंद करा. मागितलं, तर फोन अजून तुमच्याच नावावर आहे. आयफोन विकून झाल्यावर हे लक्षात आलं, तर तो दुसऱ्या कुठल्याही ब्राउझरमधून iCloud.com/find वर जाऊन खात्यातून काढता येतो. अँड्रॉइडवर मात्र बहुधा त्याच फोनवर तुमचं खातं आणि पासवर्ड घालावा लागतो, आणि त्यासाठी गिऱ्हाइकाला पुन्हा गाठावं लागतं.