कुलूपबंद घरातलं पाणी

कमोडच्या मागच्या भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीला जेट स्प्रे अडकवलेला असतो. त्याची लवचिक नळी एका छोट्या अँगल कॉकला जोडलेली असते. स्प्रेचा खटका सोडला की पाणी थांबतं, म्हणून तो कॉक फिरवून बंद करण्याची सवय बहुतेक घरांत नसते. खटका फक्त नळीच्या टोकाशी पाणी अडवतो, त्यामुळे अख्खी नळी रात्रंदिवस टाकीच्या दाबाखाली असते. मुलीकडे किंवा मुलाकडे परदेशी सहा महिने राहायला जाणारी मंडळी गॅस बंद करतात, फ्रीज रिकामा करतात, दाराला दोन कुलुपं लावतात. ही नळी मात्र तशीच दाबाखाली राहते.

तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. आत रबराची नळी आणि बाहेर तारांची वीण असते. रबर पाणी धरून ठेवतं, पण दाब पेलते ती वीण. बाथरूम ॲसिडने घासलं की त्या वाफा तारांवर बसतात. ॲसिडमधल्या क्लोराइडमुळे ताणाखालच्या स्टीलला बारीक चिरा पडतात आणि एकेक तार तुटत जाते. जिथे वीण विरळ होते तिथे रबर फुगतं आणि एके दिवशी फाटतं. बॅटरी लावून पाहिलंत तर हे आधी कळतं: विणीवर तपकिरी ठिपके दिसतात किंवा एखादी तुटलेली तार बोटाला टोचते. बेसिनखालच्या, फ्लश टँकच्या आणि गीझरच्या कनेक्शन पाइपांची कथा हीच. अशी नळी दिसली की जाण्याआधी बदलून घ्यावी.

फाटली तर किती पाणी येईल? पुण्यातली सात मजल्यांची नेहमीची इमारत धरू. आपला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आणि पाण्याची टाकी गच्चीवर. पाण्याच्या दर १० मीटर उंचीमागे साधारण १ बार दाब पडतो. आपल्या नळीपासून टाकीपर्यंत उंची सुमारे १६ मीटर, म्हणजे दाब दीड बारच्या थोडा वर. पाइपातलं घर्षण आणि नळीची अरुंद वाट वजा केली, तरी मिनिटाला १० लिटर हा धाडसी अंदाज नाही. तासाला ६०० लिटर झाले. रात्री अकराला फाटलेली नळी सकाळी सातपर्यंत पाच हजार लिटरच्या आसपास पाणी सोडते. शिवाय रात्री कुणी पाणी वापरत नसल्यामुळे पाइपात दाब सर्वांत जास्त असतो, म्हणून नळ्या फाटायच्या त्या बऱ्याचदा रात्रीच.

हे पाणी नहाणीच्या जाळीतून निघून जाईल, असं आपण गृहीत धरतो. जाळी मोकळी असेल तर बरंचसं जातंही. पण घर बंद करताना झुरळं येऊ नयेत म्हणून अनेक जण जाळीवर प्लॅस्टिक चिकटवतात किंवा ओलं फडकं ठेवून वर ताटली पालथी घालतात. हेतू चांगला असतो, पण गळतीच्या पाण्याची एकमेव वाट त्यामुळे बंद होते. मग पाणी उंबरठा ओलांडून हॉलमध्ये, फर्निचरखाली आणि शेवटी खालच्यांच्या छतात जातं. झुरळं आणि वास ज्याने अडतो ते जाळीखालच्या ट्रॅपमधलं सुमारे ५० मिलिमीटर पाणी. काही आठवड्यांत ते वाळतं. त्यावर दोन चमचे खाद्यतेल ओतलं की वाळण्याचा वेग खूप मंदावतो. जाळी मात्र उघडीच ठेवावी.

आता यंत्रांकडे येऊ. गळती ओळखणारा सेन्सर म्हणजे साबणाच्या वडीएवढी डबी, तळाशी धातूचे दोन किंवा चार बिंदू. नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, म्हणून ते वीज वाहून नेतं. दोन बिंदूंना जोडणारं पाणी जमिनीवर आलं की अगदी थोडा प्रवाह सुरू होतो आणि डबी रेडिओवरून खबर देते. चांगल्या सेन्सरमध्ये हा प्रवाह सतत न सोडता क्षणभराच्या ठोक्यांनी सोडतात, नाहीतर ओलसर हवेत बिंदू गंजून जातात. आपली न्हाणीघरं रोज ओली होतात, त्यामुळे एरवी हा सेन्सर सतत खोटी ओरड करेल. रिकाम्या घरात मात्र जमिनीवर पाणी दिसणं हेच चुकीचं असल्यामुळे तो तिथे खरा उपयोगी ठरतो.

ठेवायचा कुठे, यावर बरंच अवलंबून आहे. बाथरूमला जाळीकडे उतार असतो. सेन्सर उंच कोपऱ्यात ठेवला तर पाणी त्याच्या शेजारून वाहून जाईल आणि त्याला पत्ताही लागणार नाही. एक जाळीपासून वीतभर अंतरावर, उताराच्या वाटेत ठेवावा, म्हणजे थोडं पाणीही कळेल. दुसरा उंबरठ्याच्या बाहेरच्या बाजूला, कारण तो भिजला म्हणजे जाळी पाणी घेत नाही, हे निश्चित होतं. या दोन्हींना एक गळती दिसत नाही: टाइल्सच्या मागे, भिंतीतल्या पाइपाची. ते पाणी जमिनीवर येतच नाही, स्लॅबमधून थेट खालच्या घरात उतरतं. सेकंदाला एक थेंब पडला तरी दिवसाचे २० लिटर होतात आणि खालच्यांच्या छताला पोपडे धरायला तेवढे पुरेसे आहेत.

म्हणून सेन्सरपेक्षा व्हॉल्व्हचं महत्त्व मोठं आहे. आणि इथे मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे: लांबच्या प्रवासात गळती झाल्यावर व्हॉल्व्ह बंद होण्याची वाट पाहायची नसते. तो निघतानाच बंद करायचा. घरात कुणीच नसेल तर पाणी चालू ठेवायचं कारणच काय?

मग आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह हवा कशाला? कारण भिंतीतले जुने स्टॉप कॉक वर्षानुवर्षं फिरवलेले नसतात. वायसर कडक झालेला असतो, त्यामुळे मूठ पूर्ण आवळली तरी आतून पाणी झिरपत राहतं. शिवाय सहा महिन्यांत कुणीतरी घरात येतंच. झाडांना पाणी घालायला भाची येते, रंगारी येतो. तो कॉक उघडतो आणि तसाच ठेवून जातो. मोटरवर चालणारा व्हॉल्व्ह ठरलेल्या वेळी पुन्हा बंद होऊ शकतो, आणि तो उघडा आहे की बंद, हे तुम्हाला फोनवर दिसतं.

या व्हॉल्व्हचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि निवड चुकली तर पैसे वाया जातात. पहिला सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडणारा, वॉशिंग मशीनमध्ये असतो तसा. त्याच्या नेहमीच्या रचनेत पडदा उचलण्याचं काम पाण्याच्या दाबालाच करावं लागतं आणि त्यासाठी साधारण ०.३ ते ०.५ बार दाब लागतो. तिसऱ्या मजल्यावर तो मिळतो. सातव्या मजल्यावर, टाकीच्या खालीच, शॉवरच्या उंचीला जेमतेम ०.३ बार असतो. तिथे असा व्हॉल्व्ह नीट उघडत नाही आणि शॉवरला करंगळीएवढी धार येते. तो उघडा ठेवायला सतत वीज लागते, हा आणखी एक तोटा. पण वीज गेली की तो आपोआप बंद होतो, हे रिकाम्या घरात उपयोगीच आहे.

दुसरा मोटराइज्ड बॉल व्हॉल्व्ह. भोक पाडलेला गोळा पाव वळसा फिरतो. त्याला दाबाची गरज नसते आणि वीज फक्त फिरण्याच्या काही सेकंदांपुरती लागते. गच्चीवरच्या टाकीच्या इमारतींना हाच योग्य. मात्र वीज गेली की तो जिथे असेल तिथेच थांबतो, म्हणून त्याला बॅटरीचा आधार हवा. बोअरवेलचं क्षारयुक्त पाणी असेल तर गोळ्यावर क्षार चढून तो जाम होतो. ते टाळायला महिन्यातून एकदा त्याला उघडझाप करू द्यावी. सगळे नळ बंद असतील तर त्या काही सेकंदांत नुकसान होत नाही.

परदेशी जाहिरातींत घराला एकच नळजोड असतो आणि त्यावर एकच व्हॉल्व्ह बसवला की काम झालं. आपल्याकडे तसं नसतं. गच्चीवरून प्रत्येक डक्टमधून वेगळा उभा पाइप खाली येतो. आपल्या नमुन्याच्या फ्लॅटमध्ये एक पाइप दोन्ही बाथरूमच्या सामाईक डक्टमध्ये, दुसरा स्वयंपाकघराच्या बाजूला आणि तिसरा सुक्या बाल्कनीत वॉशिंग मशीनसाठी, असे तीन आहेत. मोटरचा व्हॉल्व्ह बाथरूमच्या फाट्यावर बसवावा, कारण जेट स्प्रे, फ्लश आणि गीझर तिथेच आहेत. उरलेल्या दोन ठिकाणचे कॉक हाताने बंद करून भागतं. मोटरचा व्हॉल्व्ह डक्टमध्ये, फाटा निघतो तिथेच बसवावा. बाथरूमच्या आत बसवला तर त्याच्या आधीचा भिंतीतला पाइप दाबाखालीच राहतो. डक्टमध्ये काम करायचं तर गच्चीवरचा व्हॉल्व्ह तासभर बंद करावा लागतो, म्हणून सेक्रेटरींना आधी सांगून ठेवणं बरं.

व्हॉल्व्ह कुठलाही असो, एक गळती तो अडवूच शकत नाही: उलट येणारं सांडपाणी. पहिल्या मजल्यावर किंवा तळमजल्यावर राहणाऱ्यांना हे ठाऊक असेल. खालची ड्रेनेज लाइन तुंबली की वरच्या सगळ्या घरांचं पाणी सर्वांत खालच्या नहाणीतून वर येतं. तुमचा नळजोड पूर्ण बंद असला तरी काही फरक पडत नाही. तिथे फक्त जाळीजवळचा सेन्सर कामाचा, आणि तोही शेजाऱ्यांकडे किल्ली असेल तरच. उन्हाळ्यात न्यू जर्सीत पहाटे तीनला फोन वाजला, तर पुण्यात दुपारचे साडेबारा झालेले असतात. तेव्हा कोण घरी असतं, त्याचा नंबर सेन्सरच्या ॲपमध्ये दुसरा म्हणून घालून ठेवावा.

निघण्याच्या दोन दिवस आधी पुढच्या चाचण्या कराव्यात. गीझरचा स्विच बंद करा. व्हॉल्व्ह बंद करून बाथरूमचा खालचा नळ उघडा. पाइपात उरलेलं पाणी येऊन जाईल. दहा मिनिटांनंतरही थेंब पडत असतील तर व्हॉल्व्ह पाणी सोडतो आहे. मग नळ बंद करून व्हॉल्व्ह पुन्हा उघडा, वायफायचा राउटर बंद करा आणि सेन्सरखाली ओलं फडकं सरकवा. काही यंत्रणांत सेन्सरची खबर आधी इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जाते आणि तिथून व्हॉल्व्हला हुकूम येतो. अशा यंत्रणेत राउटर बंद असताना व्हॉल्व्ह हलणारच नाही. जो आपल्या घरातल्याच रेडिओवर सेन्सरचं ऐकून काही सेकंदांत फिरतो, तोच घ्यावा. शेवटी मेन स्विच पाडायची सवय असेल तर राउटर आणि व्हॉल्व्हचा कंट्रोलर ज्या एमसीबीवर आहेत, तेवढा चालू ठेवा आणि बाकीचे पाडा. सेन्सर दिवसातून एकदा तरी हजेरी देतो की नाही, हेही ॲपमध्ये पाहून ठेवा, कारण बॅटरी संपलेला सेन्सर आणि कोरडी जमीन, दोन्ही फोनवर सारखीच शांतता दाखवतात.