कुंचला चालताना कानांवर काय असावे

चित्र काढताना लावलेले गाणे आड येते ते बहुतेकदा त्यातल्या शब्दांमुळे. पेन्सिलीने घराचे छप्पर आखताना मन स्वतःशी बोलत असते: ही रेघ जरा तिरकी हवी, तो खांब याच्या निम्मा. अशा वेळी कळणाऱ्या भाषेतले शब्द कानांवर पडले की, लक्ष द्यायचे नसले तरी त्यांचा अर्थ लागतच राहतो आणि मोजमाप सुटते. पाठ असलेले भावगीत तर फारच खोडकर. एक ओळ संपण्याआधी पुढची ओठांवर येते. म्हणून आखणीपुरती शांतताच बरी. गाण्याची खरी जागा रंग भरताना.

तिथेही शब्द अगदी वर्ज्य नाहीत. विलंबित ख्यालाची बंदिश जेमतेम दोन-चार ओळींची असते. गायक तेच शब्द आळवत, आकारात विरघळवत बराच वेळ नेतो. त्यामुळे अर्थ कानाला धरून ठेवत नाही आणि रागाचा भाव तेवढा मनात उतरत राहतो.

वाद्यसंगीतात 1967 सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका या कामाला फार सोयीची आहे. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार यांतून काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस उभा राहतो. गोष्ट आहे, पण ती सांगणारे शब्द नाहीत. डोंगर कसा, उजेड कुठला, हे चित्र काढणाऱ्यावर सोडलेले आहे.

लय मात्र बघून घ्यावी लागते. जलरंगात आकाश रंगवताना कागद किंचित उतरता ठेवून वरून खाली आडवे पट्टे ओढतात. प्रत्येक पट्ट्याच्या खालच्या कडेला ओला रंग साठतो आणि तो वाळण्याआधी पुढचा पट्टा त्याला भिडवायचा असतो. इथे संथ आलाप जुळतो. द्रुत गत किंवा झाला सुरू झाला की हातही नकळत घाई करतो, कुंचला पुरेसा भरला जात नाही आणि आकाशात कोरडे ओरखडे दिसतात. तीच द्रुत लय पुढे झाडांची पाने किंवा गवताच्या काड्या काढताना उपयोगी पडते.

खरा घोटाळा होतो तो गाणे बदलताना. जाहिरात बंद करायला हात मोबाइलकडे गेला, तेवढ्यात ओली कड वाळते आणि आकाशात आडवी रेघ उमटते. ती पुसायला अर्धवट ओल्या रंगावर पाणी फिरवले की फुलकोबीसारखे डाग पसरतात, आणि ते सहसा निघत नाहीत. त्यामुळे आकाशाला हात घालण्यापूर्वी पुरेल एवढे सलग संगीत लावावे, कुंचला पाण्यात खळबळल्याचा आवाज ऐकू येईल इतकाच आवाज ठेवावा आणि मोबाइल टेबलापासून दूर ठेवून द्यावा.