स्थलांतर-धोरणाचा तक्ता

कंपनीने बदली केलेल्या कर्मचाऱ्यास घर हलविण्याचा खर्च कोणत्या अटींवर मिळतो, हे तिच्या स्थलांतर-धोरणात नमूद असते. मनुष्यबळ विभागाच्या मदतकक्षास उत्तर तत्काळ सापडावे, म्हणून त्याचा तक्ता करतात. समजा, एका धोरणाचा तक्ता असा आहे :

| बाब | अट | कलम |
|---|---|---|
| पात्रता | कंपनीने केलेली बदली. स्वतः मागितलेली नव्हे | २ |
| प्रतिपूर्ती | सामान-वाहतुकीचा प्रत्यक्ष खर्च, पावतीनुसार. कमाल ६०,००० रुपये | ५ |
| परतफेड | नव्या ठिकाणी रुजू झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत नोकरी स्वतःहून सोडल्यास. उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात | ९ |

एका कर्मचाऱ्यास ४८,००० रुपये मिळाले. रुजू झाल्यावर ९ महिने पूर्ण होताच त्याने नोकरी सोडली. दरमहा ४,००० रुपये याप्रमाणे उरलेल्या ३ महिन्यांचे १२,००० रुपये त्याने परत करावयाचे आहेत.

तक्त्यात केवळ ‘१२ महिन्यांत सोडल्यास परतफेड’ असे लिहिले असते, तर काय झाले असते? पैसे रुजू झाल्यानंतर २ महिन्यांनी मिळाले होते. मुदत त्या दिवसापासून मोजल्यास ५ महिने उरतात आणि मागणी २०,००० रुपयांची होते. प्रमाणाची अट गळल्यास ती थेट ४८,००० रुपयांवर जाते. म्हणून मुदत कधीपासून मोजावयाची आणि रक्कम किती, हे दोन्ही धोरणाच्याच शब्दांत उतरवावे.

कंपनीनेच कर्मचाऱ्यास कमी केले तर काय, याविषयी धोरण मौन बाळगत असेल, तर तेथे अंदाज लिहू नये. ‘उल्लेख नाही, विभागप्रमुखांस विचारावे’ अशी नोंद करावी.