भित्तिपत्रकावरील तुटलेल्या अक्षरांची अंकीय दुरुस्ती

जुन्या भित्तिपत्रकाच्या छायाचित्रात घडीमुळे किंवा फाटल्यामुळे तुटलेली अक्षरे संगणकावर पूर्ववत करण्याच्या प्रक्रियेस अक्षरांची अंकीय दुरुस्ती म्हणतात. यात मूळ कागदाला हात लावला जात नाही.

पद्धत

प्रथम छायाचित्राचा तिरपेपणा काढतात. फाटलेले भाग सरकले असल्यास एक भाग वेगळ्या थरावर घेऊन अक्षरांच्या रेषा जुळेपर्यंत हलवतात. त्यानंतर आधी पार्श्वभूमी भरतात आणि अक्षरे वरच्या थरावर रेखाटतात. रेषेच्या शाबूत टोकांपासून तिच्या दोन्ही कडा जोडून मधली जागा शेजारच्या शाईच्या रंगाने भरतात. हाताने रेखलेल्या अक्षरांची जाडी व वळण संगणकीय टंकाशी जुळत नाही. म्हणून मोठा तुकडा हरवला असल्यास त्याच पत्रकावरील तेच अक्षर नमुना म्हणून घेतात.

उदाहरण

‘बारा’ या शब्दाच्या मधून आडवी घडी गेली आहे असे समजू. ‘ब’चा दंड आणि दोन्ही काने सहज जोडता येतात. मात्र ‘ब’च्या पोटातील तिरपी रेघ घडीत नाहीशी झाल्यास उरलेला आकार ‘व’सारखा दिसतो आणि शब्द ‘वारा’ असाही वाचता येतो. अशा वेळी प्रतिमा मोठी करून घडीच्या कडांवर त्या रेघेची टोके शोधतात, तसेच पत्रकावरील इतर मजकुराचा आधार घेतात.

मर्यादा

पुरावा न मिळाल्यास ती जागा रिकामी ठेवून वर्णनात तशी नोंद करतात. नवी रेघ अतिगुळगुळीत असेल, तर मूळ आकारात पाहताना तिथे पट्टा उठून दिसतो. त्यासाठी तिच्यावर शेजारच्या छपाईसारखा कण आणतात.