ओटीजी आणि पेनड्राइव्ह

पेनड्राइव्ह स्वतःहून काही करत नाही. त्याला वीज आणि हुकूम देणारा यजमान लागतो. एरवी ते काम संगणक करतो. ओटीजी अ‍ॅडॉप्टर फोनला यजमान बनवतो. मायक्रो-यूएसबी प्लगमधली चौथी पिन अ‍ॅडॉप्टरच्या आत ग्राउंडला जोडलेली असते. तो जोड ओळखून फोन पेनड्राइव्हला 5 व्होल्ट वीज पुरवू लागतो.

पेनड्राइव्हवर दिवा असेल, तर दोष शोधणे सोपे जाते. दिवा लागलाच नाही, तर वीज पोहोचत नाही: अ‍ॅडॉप्टर खराब आहे, फोनमध्ये ओटीजीची सोय नाही किंवा सेटिंग्जमधला ओटीजी पर्याय बंद आहे. काही फोनमध्ये तो थोड्या वेळाने आपोआप बंद होतो.

दिवा लागूनही फोन पेनड्राइव्ह फॉरमॅट करायला सांगत असेल, तर बहुधा अडचण फाइल मांडणीची असते. विंडोजवर NTFS पद्धतीने फॉरमॅट केलेला 64 जीबीचा पेनड्राइव्ह अनेक अँड्रॉइड फोन वाचत नाहीत. अशा वेळी फोनवर होकार दिल्यास सगळा मजकूर पुसला जातो. आधी संगणकावर प्रत काढून पेनड्राइव्ह exFAT मध्ये फॉरमॅट करावा. जुन्या फोनला exFAT चालत नसेल, तर FAT32 वापरावे. मात्र त्यात 4 जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही.