नळी सरळ उभी, पण किती सरळ?

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तपासण्यांमध्ये ईएसआर जवळपास प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेली असते. रक्त उभ्या काचेच्या नळीत भरायचं आणि तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसतात ते मोजायचं. वेस्टरग्रेन यांनी 1921 मध्ये मांडलेली ही पद्धत आजही अनेक लहान प्रयोगशाळांमध्ये हाताने केली जाते. दिसायला इतकी सोपी की तिची कार्यपद्धती, म्हणजे लॅबच्या भाषेत एसओपी, लोक अर्ध्या पानात उरकतात.

असं एक अर्धं पान मी पाहिलं आहे. त्यात लिहिलं होतं, ‘नळ्या स्टँडमध्ये उभ्या लावाव्यात व एक तासाने वाचन घ्यावे.’ त्या सकाळी बारा नळ्या होत्या. पहिली 10 वाजता लागली, शेवटची 10 वाजून 12 मिनिटांनी, आणि गजर एकच, 11 चा. बाराही नळ्या एका दमात वाचून झाल्या. म्हणजे शेवटच्या रुग्णाच्या रक्ताला तासाऐवजी 48 मिनिटंच मिळाली आणि त्याचा आकडा खोटा कमी आला. हिशेबाने तो वाढवून घेता येत नाही, कारण पेशी एकसारख्या वेगाने बसत नाहीत. आधी त्या नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात, मग भराभर खाली येतात आणि शेवटी तळाशी दाटीने बसताना मंदावतात. तंत्रज्ञाने कागदाबरहुकूमच काम केलं होतं. चूक कागदाची होती.

तीच पायरी अशी लिहायला हवी होती: ‘प्रत्येक नळी लावताच तिची वेळ नोंदवहीत लिहा. त्या वेळेपासून 60 मिनिटांनी तीच नळी वाचा.’ ‘उभ्या’ हा शब्दही पुरेसा नाही. नळी 3 अंशांनी कलली तरी निकाल जवळपास 30 टक्क्यांनी फुगू शकतो. म्हणून स्टँडवर पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध आहे का ते पाहायचं, तेही नळ्या लावण्याआधी, असं लिहावं लागतं. ‘रक्त नीट मिसळा’ याऐवजी ‘बाटली हळुवार 8 ते 10 वेळा उलटी-सुलटी करा’. ‘सायट्रेट घाला’ याऐवजी ‘2 मिलि रक्तात 3.8 टक्के सोडियम सायट्रेट 0.5 मिलि’. रक्त रबरी फुग्यानेच ओढायचं, तोंडाने कधीही नाही, हे सुरक्षेच्या भागात आणि पुन्हा त्या पायरीवरही यावं, कारण घाईत मागचं पान कोणी उलटत नाही.

पायऱ्यांच्या आधी काय असावं? तपासणी कशासाठी आणि कोणत्या तत्त्वावर, हे दोन-चार ओळींत. मग नमुना: ईडीटीएचं रक्त, खोलीच्या तापमानाला ठेवलं तर 4 तासांच्या आत लावलेलं, गुठळी दिसली तर परत पाठवायचं. मग साहित्य आणि खोलीचं तापमान, 18 ते 25 अंश. विदर्भातल्या मे महिन्यात एसी बंद पडला की हा आकडा पाळता येत नाही आणि उष्णतेने ईएसआर वाढतो. त्या दिवशी तपासणी थांबवायची की नाही, हे एसओपीतच ठरलेलं असावं.

पायऱ्यांनंतर येते गुणवत्ता चाचणी. ठरलेल्या मर्यादेत कंट्रोल बसला नाही, तर तंत्रज्ञाने एकही रिपोर्ट सोडायचा नाही आणि पर्यवेक्षकांना कळवायचं. कारण शोधून नोंदवायचं काम पर्यवेक्षकांचं. त्यापुढे संदर्भ मर्यादा, आणि मग बहुतेक जण गाळतात तो भाग: तपासणीच्या मर्यादा. रक्तक्षयात ईएसआर उगाच वाढतो. सिकलसेलमध्ये उलट, कारण विळ्याच्या आकाराच्या पेशींची चळत नीट रचली जात नाही आणि आकडा फसवा कमी येतो. गडचिरोली-नंदुरबारकडच्या लॅबमध्ये ही ओळ नसेल तर ती एसओपी अपुरी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिला मसुदा कोणी लिहावा? रोज नळ्या लावणाऱ्या तंत्रज्ञानेच. वरिष्ठांनी खुर्चीत बसून लिहिलेल्या एसओपीत हाताला माहीत असलेल्या गोष्टी सुटतात. गुणवत्ता व्यवस्थापकाने तो तपासावा, प्रमुख पॅथॉलॉजिस्टने मंजुरीची सही करावी, आणि पहिल्या पानावर दस्तऐवज क्रमांक, आवृत्ती व अंमलाची तारीख यावी. सहीआधी एक परीक्षा मी आवर्जून घेते. ईएसआर कधी न लावलेल्या नव्या मुलीच्या हाती कागद द्यायचा आणि शेजारी गप्प उभं राहायचं. ती ज्या ओळीवर मान वर करून बघते, तिथे वाक्य बदलायचं. एकदा अशीच एक मुलगी नळीपाशी थांबली. पेशींची वरची कड धूसर होती आणि कुठे वाचायचं ते कागदावर नव्हतं. तेव्हा ओळ आली: ‘पेशींचा रंग पूर्ण दाट जिथून सुरू होतो, तिथे वाचा.’

नवी आवृत्ती आली की जुनी काढून घेण्याची जबाबदारीही नावानिशी कोणावर तरी हवी. त्या अर्ध्या पानाची एक झेरॉक्स सेंट्रिफ्यूजच्या वरच्या भिंतीवर चिकटपट्टीने लावलेली होती. कपाटात सुधारित प्रत आल्यानंतरही काही महिने मुलं तीच वाचून नळ्या लावत होती.